नियमाशेजारी कारण : हॉटेलातील युनिफॉर्म आणि ग्रूमिंग

हॉटेलातील कर्मचाऱ्याने कामावर काय घालावे, केस कसे बांधावेत, नखे किती वाढू द्यावीत आणि कोणते दागिने चालतील, हे सांगणाऱ्या लेखी नियमावलीला त्या व्यवसायात ‘ग्रूमिंग पॉलिसी’ म्हणतात. नोकरीच्या पहिल्या दिवशी ती नव्या माणसाच्या हाती पडते. पुढे रोज शिफ्ट सुरू होण्याआधी दहा-पंधरा मिनिटांचे ‘ब्रीफिंग’ होते, तेव्हा सुपरवायझर सगळ्यांच्या बुटांवर, हातांवर आणि नेम बॅजवर नजर फिरवतो. याच दहा मिनिटांत माणसाला शाळेतल्या नखतपासणीसारखे अपराधी वाटू शकते किंवा दिवसभराच्या कामासाठी आपण तयार झालो, असेही वाटू शकते. यांपैकी काय वाटेल हे सुपरवायझरच्या स्वभावावर थोडे आणि नियमावली कशी लिहिली आहे यावर बरेच अवलंबून असते.

चांगल्या नियमावलीची खूण सोपी आहे. तिच्यातल्या प्रत्येक नियमाशेजारी त्याचे कारण सांगता येते, आणि तो नियम पाळायला जे लागते ते हॉटेलने दिलेले असते. कारणे मोजकीच आहेत. पाहुण्याला कर्मचारी ओळखता यावा, काम करणाऱ्याच्या शरीराला इजा होऊ नये आणि अन्नात काही जाऊ नये. यांपैकी एकही कारण ज्या नियमाला लागू पडत नाही, तो त्या हॉटेलच्या आवडीचा भाग असतो. आवडीलाही जागा आहे. स्वागतकक्षातल्या साडीचा रंग कोणता असावा, हे हॉटेलने ठरवावे. मात्र आवडीचा नियम आणि स्वच्छतेचा नियम एकाच सुरात सांगितले गेले की कर्मचाऱ्याला दोन्ही सारखेच मनमानी वाटू लागतात.

ओळख पटावी म्हणून

पाहुणा रात्री अकरा वाजता प्रवासातून थकून येतो. बॅग कोणाच्या हाती द्यायची, गाडीची किल्ली कोणाला सोपवायची, हे त्याला विचार न करता कळले पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या खोलीच्या दारावर टकटक होते आणि बाहेरून ‘हाउसकीपिंग’ असा आवाज येतो. एकटी उतरलेली स्त्री दाराच्या भिंगातून पाहते तेव्हा तिला युनिफॉर्म आणि नेम बॅज दिसला तरच ती निश्चिंतपणे दार उघडते. हॉटेलच्या पॅसेजमध्ये एखादा परका माणूस फिरत असेल, तर तो चटकन लक्षात येतो तोही सगळे कर्मचारी युनिफॉर्ममध्ये असल्यामुळेच. निरनिराळ्या विभागांचे रंग वेगळे ठेवण्यामागेही हाच विचार असतो.

नेम बॅजचा नियम या कारणातून आला आहे आणि त्याची मर्यादाही याच कारणाने ठरते. पाहुण्याला हाक मारता यावी आणि गरज पडली तर कोणी काम केले ते सांगता यावे, एवढ्यासाठी पहिले नाव पुरते. पूर्ण नाव बॅजवर असले की एखादा आगंतुक पाहुणा कर्मचारी मुलीला समाजमाध्यमांवर शोधून संदेश पाठवू शकतो. म्हणून अनेक हॉटेलांत बॅजवर फक्त पहिले नाव लिहितात. बॅज हरवला तर दुसरा तयार होईपर्यंत वापरायला काही कोरे बॅज युनिफॉर्म रूममध्ये ठेवावेत. त्यामुळे बॅज हरवला हे सांगायला कोणी घाबरत नाही.

वाकणाऱ्या माणसाचे कपडे

हाउसकीपिंगचा कर्मचारी एका शिफ्टमध्ये साधारण बारा ते सोळा खोल्या आवरतो. प्रत्येक खोलीत गादीचा कोपरा उचलून चादर खोचायची, पलंगाखाली वाकून पाहायचे, बाथरूमच्या फरशीवर गुडघे टेकून घासायचे आणि भरलेली ट्रॉली पुढच्या दाराशी ढकलायची. या कामाला सैल अंगरखा, कमरेला इलॅस्टिक असलेली पँट आणि दोन खोल खिसे, असाच युनिफॉर्म सोयीचा पडतो. साडीचा पदर ट्रॉलीच्या चाकात अडकतो आणि निऱ्या बाथरूममध्ये भिजतात. म्हणून स्वागतकक्षात साडी आणि हाउसकीपिंगला पँट असा भेद केला जातो. त्यात प्रतिष्ठेची उतरंड नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकावे. बऱ्याच स्त्रिया आयुष्यात पहिल्यांदा पँट घालतात ती याच नोकरीत. त्यांच्या अंगरख्याची लांबी आणि बाजूची चीर किती असावी हे त्यांनाच विचारून ठरवले, तर संकोच लवकर जातो.

काचेच्या बांगड्यांचेही असेच आहे. चादर ताणताना बांगडी फुटली तर तिचा तुकडा पलंगातच राहतो आणि तो पाहुण्याच्या पाठीला किंवा दुसऱ्या दिवशी लॉन्ड्रीतल्या माणसाच्या हाताला लागतो. हे कळल्यावर बांगड्या काढून ठेवायला कोणी आढेवेढे घेत नाही. मात्र त्या ठेवायला कुलूप असलेला लॉकर हवा. दागिने काढा म्हणायचे आणि ते ठेवायला जागा द्यायची नाही, ही या नियमावलीतली नेहमीची चूक आहे.

बुटांचा नियम सर्वांत जास्त मोडला जातो, आणि त्याचे कारण बहुधा खिशात असते. ओल्या टाइल्सवर न घसरणारा रबरी तळ, पुढून बंद चवडा आणि कमी उंचीची टाच, या तीन गोष्टी पाठीला आणि पायाला वाचवतात. ‘काळे बूट घालावेत’ एवढेच लिहिले की कर्मचारी बाजारातला सर्वांत स्वस्त काळा जोड आणतो. तो दिसायला चकचकीत असतो, पण त्याचा तळ कडक आणि गुळगुळीत असतो. ब्रीफिंगमध्ये हा जोड पास होतो आणि बाथरूममध्ये माणूस घसरतो. नियम पाळूनही इजा होत असेल, तर नियम लिहिताना काहीतरी राहून गेले आहे. बूट हॉटेलने द्यावेत किंवा ठरावीक दुकानातून घेण्यासाठी रक्कम द्यावी आणि ते किती महिन्यांनी बदलून मिळतील, तेही लिहून ठेवावे.

किचनमधला कोट

किचनच्या युनिफॉर्ममध्ये जवळजवळ प्रत्येक टाक्याला कारण आहे. शेफ कोट पुढून दुपदरी असतो. छातीवर कापडाचे दोन थर असल्यामुळे उकळते तेल किंवा वाफ अंगावर आली तर चटका लागण्याआधी क्षणभर उसंत मिळते. बटणांच्या दोन रांगांमुळे पुढची बाजू उलटी लावता येते. कामाच्या घाईत डाग पडला आणि तेवढ्यात पाहुण्यांसमोर जावे लागले, तर स्वच्छ पदर वर घेता येतो. कापड सुती किंवा बहुतांश सुती असते, कारण कृत्रिम धागा आगीच्या आचेने वितळून कातडीला चिकटतो आणि भाजल्याची जखम अधिक खोल होते. बाह्या लांब असतात त्याही याच कारणाने. उन्हाळ्यात बाह्या वर सरसावल्याबद्दल शेफ टोकतो, तेव्हा त्याचे लक्ष तळणीजवळच्या त्या उघड्या हाताकडे असते. पांढरा रंग मळखाऊ नाही, हाच त्याचा गुण आहे. डाग लपत नाही, आणि कोट गरम पाण्यात, ब्लीच घालून धुता येतो.

डोक्यावरची टोपी आणि हेअरनेट केस अन्नात पडू नयेत म्हणून असतात. त्यांचा आणखी एक उपयोग आहे. डोके झाकलेले असले की हात वारंवार केसांकडे जात नाही. हा हातच किचनमधल्या सगळ्या स्वच्छतेच्या मुळाशी आहे. निरोगी माणसाच्याही नाकात आणि कातडीवर ‘स्टॅफिलोकॉकस ऑरियस’ नावाचे जंतू असू शकतात. पिकलेल्या जखमेत ते फार मोठ्या संख्येने असतात. नाक पुसलेला किंवा जखमेचा हात अन्नाला लागला आणि ते अन्न तासन्‌तास उबेत राहिले, की हे जंतू वाढून विष तयार करतात. पुन्हा उकळल्याने जंतू मरतात, पण त्यांचे विष टिकते. म्हणून बोट कापले तर जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी आणि तिच्यावर हातमोजा असा नियम असतो, आणि जखम पिकली असेल तर त्या माणसाला काही दिवस अन्नापासून दूरचे काम दिले जाते. हे काम बदलणे शिक्षेसारखे वाटू नये. त्या दिवसांचा पगार कापला गेला, तर पुढच्या वेळी माणूस जखम लपवेल आणि नियमाचा हेतूच बुडेल.

नखांची लांबी बोटाच्या टोकाबाहेर असू नये, कारण नखाखालची मळी साबणाने हात धुऊनही निघत नाही. नेलपॉलिशचे टवके उडतात आणि कृत्रिम नखे निसटतात. अंगठीखाली ओल आणि कणीक साचते. घड्याळाच्या पट्ट्याखालीही तेच होते. अत्तराचा उग्र वास पदार्थाच्या वासात मिसळतो, आणि चव घेणाऱ्या आचाऱ्याचे नाक तर त्याचे हत्यारच असते.

यातल्या बऱ्याच गोष्टींना कायद्याचा आधार आहे. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘एफएसएसएआय’च्या २०११ च्या परवाना व नोंदणी विनियमांतील चौथ्या अनुसूचीत अन्न हाताळणाऱ्यांच्या वैयक्तिक स्वच्छतेचे नियम दिले आहेत. नखे कापलेली असावीत, सैल दागिने आणि खोटी नखे नसावीत, जखमा झाकाव्यात, वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी, अशा सूचना त्यांत आहेत. त्याच अनुसूचीत आणखी एक वाक्य आहे, आणि नियमावली लिहिताना नेमके तेच विसरले जाते. कर्मचाऱ्यांना स्वच्छ संरक्षक कपडे, डोक्याचे आच्छादन, हातमोजे आणि पादत्राणे पुरवण्याची जबाबदारी त्या व्यवसायावर टाकलेली आहे. कर्मचाऱ्याने स्वच्छ कोट घालावा हे जितके बंधन आहे, तितकेच तो त्याला मिळावा हेही आहे.

मंगळसूत्र, दोरा आणि पगडी

नियमावलीतला सर्वांत नाजूक भाग श्रद्धेच्या आणि घरच्या रीतीच्या वस्तूंचा. मंगळसूत्र, जोडवी, टिकली, गजरा, मनगटावरचा पूजेचा दोरा, गळ्यातली तुळशीची माळ, शीख कर्मचाऱ्याची पगडी आणि दाढी, मुस्लिम स्त्रीचा हिजाब, या गोष्टी माणूस कामावर येताना घरी ठेवून येत नाही. ‘धार्मिक वस्तूंना मनाई’ असा सरसकट नियम करणे सोपे असते, पण त्याने माणूस दुखावतो आणि बहुतेक वेळा त्याची गरजही नसते. प्रत्येक वस्तूला तेच तीन प्रश्न विचारले की वाट सापडते. ही वस्तू अन्नात पडेल का, यंत्रात अडकेल का, ओल धरून ठेवेल का?

मंगळसूत्र कॉलरच्या आत, अंगाला लागून राहिले तर ते कशात अडकत नाही आणि कशात पडतही नाही. माळेचेही तसेच. चिकटवायची टिकली वाफेने सुटून पातेल्यात पडू शकते. म्हणून किचनमध्ये तिच्याऐवजी कुंकवाचा बारीक ठिपका चालतो. स्वागतकक्षात टिकलीला कसलीच अडचण नाही. गजऱ्याच्या पाकळ्या गळतात म्हणून तो किचनमध्ये आणि जेवण वाढताना नको, पण स्वागतकक्षात सणाच्या दिवशी शोभून दिसतो. मनगटावरचा दोरा भिजून ओला राहतो आणि पीठ-मसाला धरतो, ही खरी अडचण आहे. तो दंडावर, बाहीच्या आत बांधला की श्रद्धाही राहते आणि स्वच्छताही राहते. लग्नसराईत आणि सणांत हातावर मेंदी असतेच. ती वाळून धुतलेली असली तर अन्नाला तिचा काही उपद्रव नाही, म्हणून तिला हरकत घेण्याचे कारण उरत नाही.

शीख कर्मचाऱ्याला युनिफॉर्मच्या रंगाचे पगडीचे कापड हॉटेलने द्यावे, आणि किचनमध्ये दाढीवर जाळी लावावी. ही जाळी किचनमधल्या प्रत्येक दाढीवाल्यासाठी असते. राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाच्या पहिल्या स्पष्टीकरणात कृपाण धारण करणे हा शीख धर्माच्या आचरणाचाच भाग मानला आहे, हेही नियम लिहिणाऱ्याने ध्यानात ठेवावे. हिजाबसाठी युनिफॉर्मच्याच कापडाचा, मानेशी घट्ट बसणारा आणि टोके आत खोचता येणारा रुमाल शिवून दिला तर तो हेअरनेटचेही काम करतो. हे सगळे नोकरीवर रुजू होण्याआधी बोलून ठरावे. रुजू झाल्यावर चारचौघांत ‘हे काढा’ असे ऐकावे लागले, की तो अपमान बरीच वर्षे विसरत नाही.

सोमवारचा मळका कोट

नियम मोडला गेला असे दिसते तेव्हा दोष माणसाचा आहे की व्यवस्थेचा, हे ओळखण्याची एक रीत आहे. एकच चूक अनेकांकडून, ठरावीक दिवशी होत असेल, तर कारण माणसांच्या बाहेर असते. एक उदाहरण घेऊन हे नीट पाहता येईल.

समजा, महाबळेश्वरसारख्या ठिकाणी साठ खोल्यांचे एक हॉटेल आहे. किचनमध्ये बारा जण आहेत. शुक्रवार ते सोमवार पाहुण्यांची गर्दी असते, त्यामुळे साप्ताहिक सुट्ट्या मंगळवार ते गुरुवारी वाटलेल्या आहेत. प्रत्येकाला कोटांचे तीन संच दिले आहेत. एक अंगावर, एक धुवायला आणि एक तयार, हा हॉटेलांतला नेहमीचा हिशेब. युनिफॉर्म रूमच्या खिडकीवर मळका संच दिला की धुतलेला मिळतो. हॉटेलची स्वतःची लॉन्ड्री नाही. बाहेरचा लॉन्ड्रीवाला रोज संध्याकाळी मळके कपडे नेतो आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आणतो. रविवारी त्याची सुट्टी असते.

शेफच्या लक्षात येते की सोमवारी निम्मी टीम मळक्या कोटात येते. तो चिडतो, ब्रीफिंगमध्ये सगळ्यांसमोर बोलतो, एकदोघांची नावे वहीत लिहितो. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. आता एका आचाऱ्याच्या तीन कोटांचा प्रवास पाहू. गुरुवारी त्याने पहिला कोट घातला आणि संध्याकाळी धुवायला दिला. तो शनिवारी संध्याकाळी परत आला. शुक्रवारी दुसरा कोट घातला. तो रविवारी संध्याकाळी यायचा, पण रविवारी लॉन्ड्री बंद, म्हणून सोमवारी संध्याकाळी येईल. शनिवारी तिसरा कोट घातला. तो मंगळवारी संध्याकाळी येईल. रविवारी शनिवारी परत आलेला पहिला कोट घातला. सोमवारी सकाळी हा आचारी युनिफॉर्म रूमच्या खिडकीवर उभा राहतो तेव्हा त्याचा एक कोट मळलेला असतो आणि दोन लॉन्ड्रीत असतात. त्याच्यासमोर दोनच वाटा आहेत. रविवारचा कोट पुन्हा घालायचा किंवा रात्री घरी हाताने धुऊन, महाबळेश्वरच्या पावसाळी हवेत अर्धवट ओला घालून यायचे.

नियम मोडणारा इथे माणूस नाहीच. तीन संचांचा हिशेब रोज कपडे परत देणाऱ्या लॉन्ड्रीसाठी बरोबर आहे, या लॉन्ड्रीसाठी तो एका संचाने कमी पडतो. प्रत्येकी चौथा संच दिला की सोमवारची अडचण मिटते. बारा जणांना मिळून ३६ ऐवजी ४८ कोट लागतात. शिवाय कामाच्या मध्येच आमटी सांडली तर बदलायला निरनिराळ्या मापांचे पाच-सहा सामायिक कोट युनिफॉर्म रूममध्ये ठेवावे लागतात. वहीत नावे लिहून जे महिनोन्‌महिने साधले नसते, ते सतरा-अठरा कोट शिवून साधते. युनिफॉर्म रूमच्या नोंदवहीत कोणता संच कधी गेला आणि कधी आला याची नोंद असतेच. ती आठवड्यातून एकदा पाहिली, तर हा दोष ब्रीफिंगआधीच लक्षात येतो.

संच पुरेसे झाले की नियमावलीत एक वाक्य निर्धास्तपणे लिहिता येते : ‘कोटाला डाग पडल्यास शिफ्ट चालू असतानाही युनिफॉर्म रूममधून दुसरा कोट घ्यावा.’ हे वाक्य ‘मळक्या कोटात आढळल्यास कारवाई होईल’ या वाक्याचेच काम करते, पण माणसाला त्यात पुढची वाट दिसते.

घामाच्या वासाबद्दल बोलताना

बुटांबद्दल, नखांबद्दल सहज बोलता येते. शरीराच्या वासाबद्दल बोलणे सगळ्यांनाच अवघड जाते. म्हणून ते एकतर टाळले जाते किंवा टोमण्यातून बाहेर पडते. दोन्हींमुळे नुकसान होते. इथे थोडी शास्त्राची माहिती उपयोगी पडते. ताज्या घामाला फारसा वास नसतो. कातडीवरचे जंतू त्याचे विघटन करतात तेव्हा वास येतो. कृत्रिम धाग्याच्या कापडात हा वास सुती कापडापेक्षा जास्त धरून राहतो आणि एका धुण्यात पूर्ण जात नाही. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या दमट हवेत सकाळचा नाश्ता आणि रात्रीचे जेवण अशा दोन तुकड्यांत काम करणारा वेटर एकच पॉलिएस्टरचा शर्ट दोन्ही वेळा घालत असेल, तर तो रोज अंघोळ करत असला तरी संध्याकाळी वास येणारच.

म्हणून हे बोलणे आरोपाने सुरू होऊ नये. सुपरवायझरने त्या माणसाला बाजूला, बंद दाराआड बोलावावे, शक्यतो शिफ्ट सुरू होण्याआधी. पाहुण्यासमोर, सहकाऱ्यांसमोर किंवा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर हा विषय काढू नये. बोलणे थोडके आणि नेमके असावे. ‘संध्याकाळच्या शिफ्टला तुमच्या शर्टाला घामाचा वास राहतो. पावसाळ्यात हे कोणाचंही होतं. दुपारी बदलायला दुसरा शर्ट मिळतो का तुम्हाला? अंघोळीला पाणी असतं का खोलीवर?’ एवढे विचारले की खरे कारण बाहेर येते. कधी कर्मचाऱ्यांच्या निवासात दुपारी पाणीच नसते, कधी शर्ट दोनच असतात, तर कधी एखाद्या औषधामुळे किंवा आजारामुळे घाम जास्त येत असतो आणि डॉक्टरांकडे जायला हवे असते. उपाय ठरला की आठवड्याने पुन्हा एकदा, तितक्याच शांतपणे विचारावे आणि मग तो विषय मिटवावा.

दाढीबाबत हीच समज लागते. काही पुरुषांना रोज वस्तरा फिरवल्यावर केस कातडीत वळून पुटकुळ्या येतात. त्यांना रोज गुळगुळीत दाढी करायला लावण्यापेक्षा मशीनने नीट कापलेली, आखीव कडांची दाढी चालवली, तर चेहरा अधिक स्वच्छ दिसतो.

दंडाची मर्यादा

बऱ्याच ठिकाणी बॅज विसरल्याबद्दल पन्नास रुपये, दाढी वाढल्याबद्दल शंभर रुपये, असे पगारातून कापले जातात. व्यवस्थापकाला हा शिस्तीचा सोपा मार्ग वाटतो, पण कायद्याने तो इतका मोकळा ठेवलेला नाही. वेतन प्रदान अधिनियम, १९३६ मध्ये दंडाविषयी जी बंधने होती, तीच वेतन संहिता, २०१९ मध्येही आहेत. कोणत्या कृतीसाठी दंड होईल हे सरकारची पूर्वसंमती घेऊन नोटिशीने आधी जाहीर करावे लागते. दंड करण्याआधी त्या माणसाला आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. एका वेतनकाळात सगळा दंड मिळून त्या काळातल्या वेतनाच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त होता कामा नये. तोंडी हुकमाने, मनाला येईल तशी कपात करता येत नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी ग्रूमिंगसाठी दंड हे कुचकामी साधन आहे. दंडाने बॅज आणला जाईल, पण पिकलेली जखम लपवली जाईल, फाटका बूट पॉलिश करून वापरला जाईल आणि ब्रीफिंग टाळण्यासाठी माणूस उशिरा येईल. अनुभवी हॉटेले पायऱ्या ठेवतात. पहिल्या वेळी जागच्या जागी मदत करतात. बॅज देतात, वस्तरा देतात, शर्ट बदलून देतात. पुन्हा तेच झाले तर खासगीत बोलतात आणि अडचण विचारतात. सगळे साहित्य आणि वेळ देऊनही माणूस जाणूनबुजून टाळतो असे दिसले, तरच लेखी समज देतात. अन्नाच्या सुरक्षिततेचा नियम मात्र पहिल्याच वेळेला पाळला जातो. हेअरनेटशिवाय आलेल्या आचाऱ्याला हेअरनेट देऊनच आत सोडतात. त्यासाठी रागवावे लागत नाही, दारापाशी हेअरनेटचा डबा ठेवावा लागतो.

लिहिताना

नियमावली कर्मचाऱ्याच्या भाषेत असावी. महाराष्ट्रातल्या हॉटेलांत मराठी आणि हिंदी जाणणाऱ्या लोकांना इंग्रजी पुस्तिकेवर सही करायला लावतात, आणि नंतर ‘सही केली आहे’ म्हणून तीच पुढे धरतात. न समजलेल्या कागदावरची सही त्याला नियम समजावत नाही. सर्वांना लागू असलेले नियम एका पानावर आणि त्या त्या विभागाचे दुसऱ्या पानावर, एवढे पुरते. प्रत्येक ओळीत नियम, त्याचे कारण आणि हॉटेल काय देणार, या तीन गोष्टी याव्यात. उदाहरणार्थ : ‘पुढून बंद, न घसरणाऱ्या तळाचे बूट घालावेत. ओल्या फरशीवर पाय घसरू नये म्हणून. हॉटेलकडून वर्षाला दोन जोड मिळतील.’ असे लिहायला बसले की काही नियमांपुढे कारण सुचतच नाही. ‘केसांना रंग लावू नये’, ‘पुरुषांनी कानात बाळी घालू नये’, असे जुने नियम अशा वेळी पुन्हा तपासावेत. जो ठेवायचा तो आवडीचा म्हणून ठेवावा, पण त्याला स्वच्छतेचे नाव देऊ नये.

नियम व्यवस्थापकालाही लागू हवेत. जनरल मॅनेजर अंगठ्या घालून, डोके न झाकता किचनमध्ये फेरी मारत असेल, तर दारावरचा हेअरनेटचा डबा फक्त खालच्या माणसांसाठी आहे, असा अर्थ सगळे घेतात. कपडे बदलायला लागणारी दहा मिनिटे कामाच्या वेळेत धरायची की नाही, हेही आधीच स्पष्ट असावे. हॉटेलसाठी घालायच्या कपड्यांना लागणारा वेळ हॉटेलच्या वेळेत धरणे न्याय्य आहे.

युनिफॉर्म रूमबाहेर एक मोठा आरसा असतो. त्याच्याशेजारी नियमावलीचे ते एक पान लावावे. खाली सेफ्टी पिना, बुटांचे पॉलिश, कंगवा आणि नेलकटर ठेवावेत. कर्मचाऱ्याने आरशात पाहावे, काही कमी वाटले तर तिथल्या तिथे नीट करावे आणि कामाला लागावे. ब्रीफिंगला पोहोचेपर्यंत सुपरवायझरला सांगण्यासारखे काही उरले नाही, तर ती नियमावली चांगली लिहिली गेली असे समजावे.